स्वस्त गोळी ‘हलकी’ असते का? टेल्मिसार्टन ४० ची गोष्ट

हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचत असाल तर एक सूचना. बोललेलं जवळपास तसंच उतरवलंय, त्यामुळे वाक्यं कधी कधी गावाला जाऊन परत येतील. सांभाळून घ्या.

मी फार्मसी शिकलो आणि काही वर्षं गडचिरोलीत औषधाच्या काउंटरमागे उभा राहिलो. तिथे एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. “बापा, ते हलकी गोळी नोको देऊ. कंपनीची दे.” हे म्हणणारा माणूस बऱ्याचदा तेंदूपत्त्याचे पैसे हातात आल्यावर आलेला असायचा. म्हणजे वर्षातून थोडे दिवस खिसा भरलेला. तेवढ्या दिवसांत ‘कंपनीची’ गोळी घ्यायची, आणि पैसे संपले की गोळी बंद. पुढच्या हंगामापर्यंत बीपी वाऱ्यावर.

आता बीपीची गोळी बंद करणं हे डोकेदुखीची गोळी बंद करण्यासारखं नाही. त्रास होत नाही, काही दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. पण ‘सर्च’ या संस्थेने, म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्रामच्या संस्थेने, गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. घरी जाऊन, घरच्यांना विचारून, माणूस कशाने गेला ते शोधलं. एकूण १,५९९ मृत्यू. त्यातले २२९ लकव्याने, म्हणजे स्ट्रोकने. सातातला जवळपास एक. मलेरिया नाही, साप नाही, वाघ नाही. जंगलाच्या जिल्ह्यात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण स्ट्रोक निघालं, आणि स्ट्रोकचं सगळ्यात मोठं टाळता येण्यासारखं कारण म्हणजे वाढलेलं बीपी.

म्हणून आज एकच गोळी घेऊ. टेल्मिसार्टन, ४० मिलिग्रॅम. तुमच्या घरात आई, बाबा, आजोबा, कुणीतरी ती घेतच असेल. स्ट्रिप जवळ असेल तर आणा, मी थांबतो.

आणली? बघा, स्ट्रिपवर दोन नावं असतील. एक चकचकीत, कंपनीने ठेवलेलं. दुसरं ‘टेल्मिसार्टन टॅब्लेट्स आयपी ४० एमजी’. ते दुसरं नाव म्हणजे आतलं खरं औषध. २०१८ पासून नियम असा आहे की एकाच औषधाच्या गोळीवर हे खरं नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन फॉन्ट साइज मोठं छापायचं. तरी आपली नजर ब्रँडवरच जाते, ते सोडा. जनऔषधी केंद्रातली स्ट्रिप घेतली तर तिच्यावर फक्त हे खरं नाव असतं. ब्रँड नाही.

आता पहिला धक्का. तुमच्या हातातली ‘कंपनीची’ गोळीसुद्धा बहुतेक जेनेरिकच आहे. टेल्मिसार्टन शोधून काढलं एका जर्मन कंपनीने. त्यांचं पेटंट संपलं, आणि मग भारतात कितीतरी कारखाने ते बनवायला लागले. प्रत्येकाने आपापलं नाव दिलं. यांना ब्रँडेड जेनेरिक म्हणतात. म्हणजे दुकानात ‘ब्रँड की जेनेरिक’ हा जो वाद चालतो, तो खरं तर ‘नाव ठेवलेलं जेनेरिक की बिननावाचं जेनेरिक’ असा असतो. अस्सल पहिली गोळी त्या भांडणात बहुतेक वेळा नसतेच.

मग किमतीत एवढा फरक का? कारण नावाला खर्च येतो. नाव डॉक्टरांच्या तोंडी बसवायला गावोगाव एमआर फिरवावे लागतात, सॅम्पल वाटावे लागतात. औषधाची पावडर सगळे जवळपास सारख्याच भावाने घेतात. हिशेबापुरतं समजा, एक गोळी सात रुपयांना आणि दुसरी सव्वा रुपयाला. रोज एक गोळी म्हणजे वर्षाला एकीकडे २,५५५ रुपये आणि दुसरीकडे साधारण ४५६. घरात बीपीवाले दोघं असतील तर दुप्पट करा. तेंदूपत्त्याच्या मजुरीत हे २,१०० रुपये म्हणजे काय, ते तिकडच्या माणसाला सांगायला नको.

बरं, पण ती सव्वा रुपयाची गोळी तेवढंच काम करते हे कशावरून? हा प्रश्न रास्त आहे. “बापा, ते हलकी नोको” म्हणणारी माणसं वेडी नव्हती. त्यांना पुरावा हवा होता, आणि काउंटरवर मी तो नीट देत नव्हतो. आज देतो.

गोळी रक्तात पोहोचली की पुढचं काम तिच्या हातात नसतं. टेल्मिसार्टनचा रेणू रक्तात आला की त्याला आपण कुठल्या कारखान्यातून आलो हे आठवत नाही. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो: दोन्ही गोळ्यांमधून रक्तात सारखंच औषध, सारख्याच वेगाने पोहोचतं का? हेच मोजण्याला बायोइक्विव्हॅलन्स म्हणतात. मराठीत जैवसमतुल्यता. शब्द जड आहे, काम सोपं आहे.

निरोगी स्वयंसेवक घेतात, दोन-अडीच डझन किंवा जास्त. अर्ध्यांना आधी मूळ गोळी, अर्ध्यांना आधी नवी गोळी. मग दंडातून रक्त काढायचं. आधी थोड्या थोड्या वेळाने, नंतर लांब लांब अंतराने. टेल्मिसार्टन शरीरात बराच वेळ राहतं, साधारण २४ तासांत निम्मं होतं, म्हणून हे दोन-तीन दिवस चालतं. मग मधे सुट्टी, औषध शरीरातून पूर्ण निघून जाईपर्यंत. आणि मग अदलाबदल. ज्यांनी आधी मूळ घेतली त्यांना नवी, आणि उलट. त्यामुळे तुलना कुणाची होते? माझी तुमच्याशी नाही. माझी माझ्याशीच. तोच माणूस, तेच पोट, तेच लिव्हर, गोळी तेवढी वेगळी.

मग आलेख काढतात. रक्तातलं औषध वर चढतं, एका शिखराला जातं, हळूहळू उतरतं. दोन गोष्टी बघतात: शिखर किती उंच, आणि त्या रेषेखालचं एकूण क्षेत्रफळ किती, म्हणजे शरीराला एकूण औषध किती मिळालं. दोन्ही आकडे मूळ गोळीशी ताडून बघायचे. मूळ गोळी म्हणजे १००.

इथे तो प्रसिद्ध नियम येतो, आणि व्हॉट्सॲपवर त्याचा सगळ्यात जास्त कचरा होतो. नियम आहे ८० ते १२५. फॉरवर्ड काय म्हणतो? “बघा, जेनेरिकमध्ये २० टक्के कमी औषध चालतं, २५ टक्के जास्त चालतं!” नाही हो. पहिली गोष्ट, गोळीत औषध किती भरलंय त्याचा हा नियमच नाही. ते फार्माकोपियाच्या वेगळ्या चाचणीत मोजतात आणि तिथली मर्यादा पुष्कळ घट्ट असते. दुसरी गोष्ट, ८० ते १२५ मध्ये सरासरी बसून चालत नाही. सरासरीभोवतीचा अख्खा पट्टा बसावा लागतो.

पट्टा म्हणजे काय? स्वयंसेवक थोडेच असतात, म्हणून सरासरीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो त्याची ९० टक्के खात्रीची हद्द काढतात. आता दोन गोळ्या घ्या. पहिलीची सरासरी आली ९७, आणि पट्टा ९० ते १०४. पूर्ण आत, पास. दुसरीची सरासरी आली ८८. सरासरी ८० च्या वर आहे की नाही? आहे. पण पट्टा आला ७८ ते ९९. खालचं टोक ८० च्या बाहेर गेलं. नापास. म्हणजे गोळी खरंच मूळ गोळीपेक्षा बरीच कमी पोहोचवत असेल तर तिला या खिडकीतून निसटणं फार अवघड आहे.

प्रत्यक्षात फरक किती निघतो? अमेरिकेच्या एफडीएने १९९६ ते २००७ या काळात त्यांच्याकडे आलेले २,०७० अभ्यास एकत्र करून पाहिले. मूळ आणि जेनेरिक यांच्यात एकूण औषधाचा सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास, शिखराचा साडेचारच्या आत. आणि टेल्मिसार्टनची तर गंमतच आहे. हे औषध चंचल आहे. त्याच माणसाला, तीच मूळ गोळी, दोन वेगळ्या दिवशी दिली तरी रक्तातलं शिखर त्याहून जास्त वरखाली होतं. त्या चढउताराला आपण कुणी ‘हलकी’ म्हणत नाही.

आता मी सगळं गोड गोड सांगून निघून जाणार नाही. थांबा.

सगळ्याच गोळ्यांची ही चाचणी होते का? भारतात नाही. बरीच वर्षं पद्धत अशी होती की औषध देशात मान्य होऊन चार वर्षं उलटली की पुढच्या कारखान्याला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून या चाचणीशिवाय परवाना मिळू शकायचा. एप्रिल २०१७ मध्ये नियम बदलला. जी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांच्यासाठी बायोइक्विव्हॅलन्स सक्तीचं झालं. टेल्मिसार्टन त्याच गटातलं आहे. जी सहज विरघळतात त्यांना ही अट नाही, कारण तिथे बिघडायची शक्यता कमी. पण २०१७ च्या आधी परवाना मिळालेल्या प्रत्येक गोळीची ही परीक्षा झालीच असेल असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणि हे वाक्य नीट ऐका: हे नाववाल्या गोळीलाही तितकंच लागू आहे. ब्रँडचं नाव म्हणजे चाचणीचं सर्टिफिकेट नव्हे.

टेल्मिसार्टन विरघळत नाही म्हणजे काय, तेही सांगतो, कारण इथे आपल्या हातातली एक चूक लपलीय. हे औषध साध्या पाण्यात जवळपास विरघळतच नाही. क्षार असेल तर विरघळतं. म्हणून गोळी बनवताना आत सोडियम हायड्रॉक्साइड, मेग्लुमाइन असे क्षारधर्मी पदार्थ घालतात. त्यांच्या जोरावर औषध पोटात सुटं होतं. पण हेच पदार्थ हवेतली ओल शोषतात. म्हणून टेल्मिसार्टनची स्ट्रिप नीट बघा, बहुतेक दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची असते, गोळी बाहेरून दिसत नाही. ती शोभा नाही, ती छत्री आहे.

आता आपल्याकडे काय होतं? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. म्हणून माणूस दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेतो, शहाणपणाच आहे तो. पण घरी गेल्यावर सगळ्या गोळ्या सोलून एका डबीत. “रोज कोण सोलत बसणार!” आठ दिवसांत गोळी मऊ पडते, फुगते, कधी पिवळसर होते. मग बीपी उतरत नाही आणि दोष कुणाला? स्वस्त गोळीला. अहो, सात रुपयांची गोळी डबीत ठेवली असती तर तीही अशीच फुगली असती. टेल्मिसार्टन खायच्या वेळीच फोडायचं. सुटी गोळी कागदाच्या पुडीत कुणी देत असेल तर घ्यायची नाही.

ह्या आत मिसळलेल्या बिनऔषधी पदार्थांचं महत्त्व जगाला कळलं त्याची एक गोष्ट आहे. साल १९६८, ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन. फिट्सचे पेशंट अचानक झोकांड्या खायला लागले, चक्कर, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं. औषध तेच, फेनिटॉइन. मिलिग्रॅम तेवढेच. कंपनीसुद्धा तीच! मग झालं काय? कॅप्सूलमधला भरावाचा पदार्थ बदलला होता. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, ते औषधाला अडवून धरत होतं. त्याजागी लॅक्टोज आलं, आणि औषध जास्त रक्तात जायला लागलं. मिलिग्रॅम सारखे म्हणजे परिणाम सारखा, हे गृहीत धरायचं नाही, रक्तात मोजून बघायचं, हा धडा अशा प्रसंगांतून आला. लक्षात घ्या, इथे कुणी स्वस्त गोळी दिली नव्हती. मूळ कंपनीचंच औषध होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. बीपी, साधी शुगर, ॲसिडिटी, बहुतेक अँटिबायोटिक, इथे जेनेरिक डोळे मिटून नाही पण निर्धास्त घ्या. काही थोडी औषधं मात्र अशी आहेत जिथे जरासं कमी पडलं तर उपयोग नाही आणि जरासं जास्त झालं तर त्रास: फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, थायरॉइडची गोळी, किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस. इथेही जेनेरिक चालतं, पण दर महिन्याला कंपनी बदलू नका. जी सुरू आहे तीच ठेवा, आणि बदललीच तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासा.

आता सगळ्यात मोठी भीती. नकली औषध. ही भीती हवेतली नाही, विदर्भातलीच आहे. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये एफडीएने सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा नमुना घेतला. तपासला तर आत औषधच नाही. शोध पुढे गेला, आणि २०२४ मध्ये पोलिसांच्या तपासातून पुढे आलं की सरकारी दवाखान्यांना पोहोचलेल्या त्या गोळ्या म्हणजे टाल्कम पावडर आणि स्टार्च. न्यूमोनियाच्या पोरीला पावडर दिली तर काय होईल, ते मी सांगायला नको. राग येतो.

पण हाच किस्सा लोक मला ‘जेनेरिक वाईट’ याचा पुरावा म्हणून सांगतात, आणि तिथे मी अडतो. त्या गोळ्यांवर ब्रँडचं नाव होतं. स्ट्रिपवर छापलेली कंपनी अस्तित्वातच नव्हती. नकली माल बनवणारा कशाची नक्कल करतो? जिथे नफा आहे त्याची. सव्वा रुपयाच्या गोळीची नक्कल करून त्याला काय मिळणार? जेनेरिक ही औषधाची जात आहे, नकली हा गुन्हा आहे. दोन्ही एका पिशवीत घालू नका.

मग ओळखायचं कसं? खरं सांगू, नुसतं डोळ्यांनी नकली ओळखता येत नाही. पण काही गोष्टी हातात आहेत. बिल घ्या, आणि बिलावर बॅच नंबर आहे ना बघा. बिल न देणारा दुकानदार पुढे काही झालं तर ओळख दाखवत नाही. स्ट्रिपवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक बघा. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड लागतो, फोनने स्कॅन करा आणि बॅच, तारीख छापील मजकुराशी जुळते का बघा. जनऔषधीचा माल सरकारी योजनेतून येतो, आणि केंद्रांवर पाठवण्याआधी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासायची पद्धत आहे. जवळचं केंद्र आणि भाव ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर दिसतात.

इथे एक सावधानी. ‘जेनेरिक’ अशी पाटी लावलेलं प्रत्येक दुकान जनऔषधी नसतं. काही ठिकाणी स्ट्रिपवर एमआरपी छापलेली ८० आणि दुकानदार म्हणतो, “तुमच्यासाठी ४० ला.” आपण खूश. त्याला ती पडलेली असते १० ला. औषध चांगलं असेलही, पण सवलत आपल्याला मिळाली की त्याला, हे बघायचं असेल तर छापील भावावरची सूट बघू नका. एका गोळीला किती पडले तो भागाकार करा, आणि तो जनऔषधीच्या भावाशी लावून बघा.

शेवटचा मुद्दा रंगाचा, आणि हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. कंपनी बदलली की गोळीचा रंग-आकार बदलतो. अमेरिकेत हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या पेशंटांचा अभ्यास झालाय, २०१४ मध्ये छापून आला. गोळीचा रंग बदलला की औषध सोडून देण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने वाढली, आकार बदलला तर त्याहूनही जास्त. तिथे लेबल वाचता येणारी माणसं होती. आपल्याकडे आजीला औषधं रंगावरूनच माहीत असतात. “पांढरी सकाळी, लाल रात्री.” पांढरीची गुलाबी झाली की आजी समजते चुकीची दिली, आणि बाजूला ठेवते. किंवा वाईट म्हणजे, जुनी पांढरी आणि नवी गुलाबी दोन्ही खाते, डबल डोस.

त्यामुळे जेनेरिकवर नेणार असाल तर एवढं करा. जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी ठेवून खरं नाव आणि मिलिग्रॅम जुळवा. मोबाईलवर दोन्हींचा एकत्र फोटो काढा, आशाताईंना दाखवा. जुन्या उरलेल्या गोळ्या घरातून काढून घ्या. आणि बदलायच्या आधीचा आठवडा आणि बदलल्यानंतर चौथा आठवडा, दोन्ही वेळा बीपी मोजून वहीत लिहा. चौथा का, तर टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार आठवडे लागतात. पाच मिनिटं शांत बसून, हात टेबलावर टेकवून, दोनदा मोजायचं. आधी १३४ वर ८४ होतं आणि नंतर १३६ वर ८२ आलं, तर काही बदललं नाही, तेवढं इकडेतिकडे रोजच होतं. आधी १३४ आणि नंतर सलग तीन-चार दिवस १५५ च्या वर राहिलं, तर आधी डबी उघडून बघा गोळ्या सोललेल्या तर नाहीत ना. त्या ठीक असतील तर वही आणि स्ट्रिप दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मधेच बंद करू नका. आणि ती स्ट्रिप फेकू नका, बॅच नंबर तिच्यावरच आहे.